‘लास्ट प्राइस काय?’ हा प्रश्न कुणी शिकवला?

आमच्या भागातल्या एजंटांची महिन्यातून एकदा चहाला गाठ पडते. गेल्या खेपेला आमचे एक जुने व्यवसायबंधू रंगात आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हा धंदा आकड्यांचा आहे, शंभर फोन आले की दहा जण साइटवर येतात आणि दहांतला एक टोकन देतो. म्हणून रोज पोस्ट टाका, सगळ्या ग्रुपवर टाका, आणि पोस्टमध्ये कमीत कमी सांगा. “सगळं सांगितलं तर माणूस फोन कशाला करेल? आणि ते थ्रीसिक्स्टी टूरचं खूळ तर मुळीच नको. घरबसल्या घर बघितलं की गिऱ्हाईक घरीच बसतं.” सगळे हसले. मी सिंहगड रस्त्यावर बरीच वर्षं रीसेलची कामं करते आणि पहिली काही वर्षं याच मंत्रावर चालले होते, त्यामुळे मलाही हसू आलं. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते कुठे चुकतं हे माझ्या वहीच्या आधाराने सांगता येईल.

आधी ती पोस्ट आठवा. ‘२ बीएचके, प्राइम लोकेशन, सर्व सोयींनी युक्त, स्वारगेट १० मिनिटे, शाळा-दवाखाना जवळ, गंभीर ग्राहकांनीच संपर्क साधावा.’ खाली चार फोटो : हॉल, किचन, बाथरूमची टाइल आणि इमारतीचं खालून काढलेलं फाटक. ही पोस्ट वाचून गंभीर ग्राहकाने नेमकं काय विचारावं? मजला नाही, कार्पेट नाही, पार्किंग कुठलं ते नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे किंमत. म्हणून तो फोन करतो आणि म्हणतो, “लास्ट प्राइस काय?” मग आपण चहा पिताना कुरकुरतो की आजकालची गिऱ्हाइकं नुसती भाव करतात. भाव करायला आपणच शिकवलं त्यांना. दुसरं काही बोलायला जागाच ठेवली नाही.

माझ्या वहीत प्रत्येक फोनपुढे एक रकाना आहे : पहिला प्रश्न. बजेट, कर्ज मंजूर आहे का, ताबा कधी हवा, निर्णय कोण घेणार, हे सगळं मीही विचारते, पण त्याची उत्तरं लोक सोयीची देतात. पहिला प्रश्न मात्र खोटं बोलत नाही. ‘अव्हेलेबल आहे का?’ आणि ‘लास्ट प्राइस?’ विचारणारा माणूस त्या दिवशी अशाच वीस पोस्टवर फोन करत असतो. ‘मागच्या बेडरूमची खिडकी कुठल्या बाजूला उघडते?’ असं विचारणाऱ्याने त्या घरात मनाने एक पलंग टाकलेला असतो. चौकशी कशाला म्हणायची आणि नुसता फोन कशाला, हे मी यावरून ठरवते.

एक घर सांगते. २०२५ च्या दसऱ्याच्या सुमाराचं. मुख्य रस्त्यापासून आत, नदीच्या बाजूला, २००९ सालची इमारत, तिसरा मजला, ६४० चौरस फूट कार्पेट, अपेक्षा ७२ लाख. मालकांनी माझ्यासकट चार एजंटांना सांगितलं होतं. मीही आळस केला आणि तसलीच पोस्ट टाकली. दसरा ते दिवाळी म्हणजे आमची सुगी. त्या काळात मला ४३ फोन आले. त्यांतल्या ३१ जणांचा पहिला प्रश्न किंमत किंवा अव्हेलेबल एवढाच. आठ जण घर पाहून गेले. दुसऱ्यांदा कुणीही आलं नाही.

का आलं नाही, ते मी आठही जणांना विचारलं. दोघांना पार्किंग मागे-पुढे आहे हे खटकलं, म्हणजे सकाळी शेजाऱ्याने गाडी काढल्याशिवाय आपली निघत नाही. एका बाईंना ड्राय बाल्कनी बंद करून किचनमध्ये घेतलेली नको होती. एका कुटुंबाला मागच्या बेडरूमच्या भिंतीवर ओल दिसली आणि ती दाखवताना मी जरा घाईने पुढे गेले, हेही दिसलं. तिघांना पुराची भीती वाटली. आठव्याला लिफ्ट लहान वाटली, वडील व्हीलचेअरवर होते. यांतलं एकही कारण असं नव्हतं की ते कळायला माणसाला रविवार मोडून, बायकामुलांना घेऊन, हिंजवडीहून यायला लावावं. आठ रविवार वाया गेले आणि आठही घरांत माझं नाव ‘सांगत नाही ती’ असं झालं. आमच्या बंधूंच्या हिशेबात हे आठ ‘दहांतले आठ’ म्हणून जमेला धरले जातात. मी ते खर्चात धरते.

दिवाळीनंतर मी पोस्ट काढून टाकली आणि टूर केली.

टूर म्हणजे काय, याबद्दल आमच्यात गोंधळ आहे. मोबाइल हातात धरून घरभर फिरत काढलेला आणि मागे गाणं लावलेला व्हिडिओ म्हणजे टूर नव्हे. त्यात पाहणारा तुमच्या मागे फरफटत जातो, जिथे तुम्ही थांबत नाही तिथे त्यालाही थांबता येत नाही. ३६० अंशांचा कॅमेरा तिवईवर ठेवून एकेका जागेवरून सगळीकडचं चित्र घेतात आणि ती चित्रं एकमेकांना जोडतात; मग पाहणारा स्वतः वळतो, थांबतो, वर छताकडे बघतो. कॅमेरा चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतो. या घराला मला १२ जागा लागल्या. तिवई साधारण पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. त्याहून खाली ठेवली तर ओटा छातीवर येतो आणि खोली विहिरीसारखी दिसते. दर दोन जागांमध्ये सहा-सात फूट, आणि प्रत्येक दाराच्या उंबऱ्यात एक जागा हवीच. नाहीतर पाहणारा हॉलमधून थेट बेडरूमच्या मधोमध उडी मारतो आणि घराचा नकाशा त्याच्या डोक्यात बसतच नाही. सगळी दारं उघडी, पडदे बाजूला, वेळ सकाळी दहा-साडेदहाची. खिडकीबाहेर लख्ख ऊन असेल तर एकाच जागेवरून उजेडाची कमी-जास्त अशी दोन-तीन चित्रं घेऊन एक करावी लागतात. नाहीतर खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन होतो, आणि खिडकीतून समोरची भिंत किती लांब आहे हेच तर लोकांना पाहायचं असतं. फोटो घेताना आपण बाथरूममध्ये लपायचं. आरशात मी दोनदा सापडले.

काम तासा-दीड तासाचं. त्याआधी मालकीणबाईंबरोबर घर आवरायला दोन तास लागले, ते वेगळे. देवघर, भिंतीवरचे मुलांचे फोटो, टेबलावरची औषधं आणि बिलं, कपाटाची किल्ली, हे काही दिसता कामा नये. राहतं घर असेल तर मी उघड्यावर फक्त हॉल, किचन आणि बाल्कनी ठेवते. पूर्ण टूरची लिंक फोनवर बोलल्यावर, नाव कळल्यावर पाठवते. ही चाळणी बिनपैशाची आहे आणि कुणाला त्यात वावगंही वाटत नाही.

आता टूर खोटं बोलू शकते का? बोलते, आणि सराईतपणे. रुंद भिंगामुळे प्रत्येक खोली आहे त्याहून मोठी दिसते. खरा दम असलेला आक्षेप हा होता, पण तो आमच्या बंधूंनी घेतलाच नाही. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक खोलीत लेझरने मोजलेली लांबी-रुंदी त्या चित्रावरच लिहायची. आणि वाचकहो, तुम्ही घर घेणारे असाल तर एजंटवर विसंबू नका, फरशी मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल दोन बाय दोन फुटांची असते. हॉलमध्ये आडव्या पाच आणि उभ्या साडेसात भरल्या तर हॉल दहा बाय पंधरा आहे, मग भिंग काहीही म्हणो. ज्या टूरमध्ये सगळ्या खोल्यांत गालिचे अंथरलेत, तिथे दुसऱ्यांदा बघा.

कार्पेटबद्दलही इथेच सांगते. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याची व्याख्या करून ठेवली आहे : आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. तरी रीसेलच्या पोस्टमध्ये अजून ‘सेलेबल’ आणि ‘बिल्टअप’ची भाषा चालते, कारण आकडा मोठा दिसतो. टूरमध्ये मापं लिहिलीत की हा खेळ आपोआप बंद पडतो. मला वाटतं, टूर नको म्हणणाऱ्यांपैकी काहींचं खरं दुखणं हेच आहे.

ओलीचं काय केलं? तिथे मी एक जागा मुद्दाम लावली. भिंतीपासून चार फुटांवर. त्यावर लिहिलं : वरच्या बाथरूमची गळती, सोसायटीने काम केलंय, रंग बाकी. मालकांचा चेहरा उतरला. म्हणाले, “ताई, हे कशाला दाखवायचं?” मी म्हटलं, “काका, ते आठ जणांनी पाहिलंच आहे. नववा ते पाहून आला तर तो त्यासाठी किंमत धरूनच येईल.” ते गप्प बसले. पटलं असं नाही, थकले होते.

घर झालं, पण घराबाहेर जे असतं ते कुठल्याही टूरमध्ये येत नाही. आमच्या बंधूंच्या मते परिसर म्हणजे ‘शाळा-दवाखाना जवळ’ ही ओळ. पुण्यात कुठे शाळा आणि दवाखाना जवळ नाही, ते मला कुणी दाखवावं. परिसराची माहिती म्हणजे अशी गोष्ट, जी शेजारच्या गल्लीला लागू पडत नाही.

या घराच्या बाबतीत ती गोष्ट पाणी होती, दोन्ही अर्थांनी. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी परिसरात लोकांच्या घरांत शिरलं. ते चित्र सगळ्या पुण्याने पाहिलं. तेव्हापासून नदीच्या बाजूचं घर म्हटलं की माणूस फोनवर बोलता बोलता गप्प होतो. विचारत नाही, नुसता गप्प होतो आणि मग “सांगतो” म्हणून ठेवतो. या गप्प बसण्याची नोंद कुठल्याच आकडेवारीत येत नाही. मी त्या गल्लीत उभं राहून दोन मिनिटांचा व्हिडिओ केला. त्या दिवशी पाणी ज्या विजेच्या खांबापर्यंत आलं होतं तिथून सुरुवात करून इमारतीच्या फाटकापर्यंत चालत गेले. माझी १४० पावलं झाली. वॉचमनकाका त्या दिवशी ड्युटीवर होते, त्यांनीच खांब दाखवला. मग विकास आराखड्यावर नदीच्या निळ्या आणि लाल रेषा कुठे आहेत ते दाखवलं. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही इमारत दोन्हींच्या बाहेर आहे, हे नकाशावर बोट ठेवून सांगितलं. त्याचबरोबर हेही सांगितलं की गल्लीच्या तोंडाशी पाणी असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर निघणार नाही.

दुसरं पाणी प्यायचं. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण सापडले आणि आमच्याकडे ‘पाणी कुठलं?’ हा प्रश्न ‘पार्किंग आहे का’च्या वर गेला. त्यावर ‘२४ तास पाणी’ असं लिहिणारा एजंट मला अडाणी वाटतो. चोवीस तास टाकीत पाणी असतं. टाकीत ते कुठून येतं, हा प्रश्न आहे. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून लिहिलं : पालिकेचं पाणी दिवसातून किती वेळ, बोअरचं पाणी फक्त फ्लशला, एप्रिल-मेमध्ये टँकर किती आणि त्याचा प्रत्येक घरावर महिन्याला किती बोजा. या चार ओळी मिळवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

स्वारगेट दहा मिनिटे? रविवारी पहाटे. मी एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला दुचाकीवरून निघाले आणि घड्याळ लावलं : २६ मिनिटं. तेवढंच लिहिलं. आणि एक गोष्ट, जी लिहू का नको असा मला दोन दिवस प्रश्न होता : गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो आणि बाल्कनीत तो ऐकू येतो. लिहिली. संध्याकाळी साडेसातला बाल्कनीत उभं राहून आवाजही रेकॉर्ड केला. ढोलाचे दिवस सरले होते, म्हणून फक्त रस्त्याचा आला.

इथे आमचे बंधू म्हणतील, “गिऱ्हाईक पळवायची एवढी हौस?” हो, आहे. जो ढोल ऐकून पळणार आहे त्याने टूरवरूनच पळावं. आत्ता पळाला तर मला एक फोन कमी येतो. टोकन दिल्यावर पानवाल्याकडून कळून पळाला तर टोकन परत, मालकांचा महिना गेला, आणि तोवर ज्यांना ‘गेलं’ म्हणून सांगितलं ते खरेच दुसरीकडे गेलेले असतात. रीसेलमध्ये सगळ्यांत महाग काय असेल तर मोडलेलं टोकन. भरपूर फोनांच्या धंद्यात मोडलेल्या टोकनांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मात्र परिसराची माहिती म्हणून ‘सोसायटीत कोण लोक आहेत’ हे सांगण्याची जी कुजबुजती पद्धत आमच्यात आहे, ती मला त्यात धरायची नाही. पाणी, आवाज, वेळ, पूर, खर्च या गोष्टी मोजता येतात. आडनावं ही माहिती नव्हे.

आमच्या बंधूंचा आणखी एक आक्षेप होता : टूर टाकली की दुसरा एजंट लिंक उचलतो. उचलतो. पण तिवईखालचा भाग झाकायला जमिनीवर एक गोल चकती येते, तिच्यावर माझं नाव आणि नंबर असतो. बाराही जागी खाली बघितलं की मीच. तरी खरी सोय वेगळी आहे. मी आता मालकांकडून ९० दिवसांचं लेखी पत्र घेतल्याशिवाय टूर करत नाही. तीन तास घर आवरून, मापं घेऊन काम करणाऱ्याला मालक ते पत्र देतात. चार फोटो काढून जाणाऱ्याला का द्यावं? एकच घर चार एजंटांच्या नावाने तीन वेगवेगळ्या किमतींना फिरतं, तेव्हा घेणाऱ्याला वाटतं यात काहीतरी भानगड आहे, आणि त्याला तसं वाटणं बरोबर आहे.

आणि ‘घरबसल्या बघितलं की घरीच बसतं’ याचं उत्तर वहीत आहे. टूर लावल्यावर पाच आठवड्यांत मला ११ फोन आले, तेही दिवाळीनंतरच्या मंद काळात. लास्ट प्राइस हा पहिला प्रश्न फक्त दोघांचा. बाकीचे विचारत होते : वरच्या बाथरूमचं काम कुठल्या वर्षी झालं? मागे-पुढे पार्किंगमध्ये मागचा कोण, तो किती वाजता निघतो? एकाने ढोलाचं विचारलं, त्याचा मुलगाच पथकात होता. चौघे घर पाहायला आले, दोघे दुसऱ्यांदा आले, एकाने टोकन दिलं. घेणारे ठाण्याचे, त्यांची मुलगी ॲमस्टरडॅमहून टूर बघत होती आणि फरशा तिनेच मोजल्या. आईवडील घर पाहायला आले ते थेट मागच्या बेडरूममध्ये, ओलीच्या भिंतीपाशी. हाताने भिंत चाचपली, कोरडी आहे म्हणाले. सव्वा लाख रुपये कमी करून मागितले, मालकांनी ७५ हजार कमी केले. घासाघीस तेवढीच.

एका घरावरून सिद्धान्त होत नाही, मान्य. आणि बंधू काही ठिकाणी बरोबरही आहेत. वन आरके भाड्याने द्यायचा असेल, तो चार दिवसांत जाणार असेल, तर टूर कशाला? तिथे पोस्ट पुरे, फक्त तिच्यात भाडं, डिपॉझिट आणि मजला लिहा. बांधकाम व्हायच्या आधी संगणकावर बनवलेला फ्लॅट ‘व्हर्च्युअल टूर’ म्हणून दाखवतात, त्याला तर मी टूर म्हणणारच नाही. तो सिनेमा आहे. तिथे महारेराच्या क्यूआर कोडवरून मंजूर नकाशा उघडा आणि त्यातली मापं बघा. टूर ओलीचा वास सांगत नाही, शेजारी कसे आहेत ते सांगत नाही, लिफ्ट मध्येच थांबते का ते सांगत नाही. घर पाहायला जावंच लागतं. कुणी आणि किती तयारीने जावं, एवढंच ती ठरवते.

बंधूंना माझी एकच विनंती आहे. टूर नका करू. कॅमेरा नका घेऊ. वहीत फक्त ‘पहिला प्रश्न’ हा रकाना आखा, महिनाभर भरा, आणि पुढच्या चहाला ती वही घेऊन या. मी माझी आणते.

आज सकाळी त्यांच्या ग्रुपवर नवी पोस्ट आली आहे. ‘२ बीएचके, प्राइम लोकेशन, स्वारगेट १० मिनिटे, गंभीर ग्राहकांनीच संपर्क साधावा.’ मजला लिहिलेला नाही. कार्पेट लिहिलेलं नाही.